विद्यार्थी सवलतीची पडताळणी अडते कुठे? ई-मेलचे डोमेन, कागदपत्रे आणि जुळवणीचे नियम

संगीत, व्हिडिओ किंवा सॉफ्टवेअरच्या सदस्यत्वावर विद्यार्थ्यांना सवलत मिळते हे बहुतेकांना ठाऊक असते. ती मागितल्यावर 'पडताळणी होऊ शकली नाही' एवढाच निरोप पडद्यावर उमटला, की चूक आपली, महाविद्यालयाची की कंपनीची, हे कळायला मात्र काहीच मार्ग नसतो. असा निरोप आला म्हणजे अर्जदार विद्यार्थी नाही असे कोणी ठरवले, असा त्याचा अर्थ क्वचितच असतो. बहुतेक वेळा दोन नोंदी एकमेकींशी जुळलेल्या नसतात, आणि त्या कुठे जुळल्या नाहीत हे शोधता येते.

पडताळणी नेमके कोण करते, हे आधी पाहू. आपण पैसे ज्या कंपनीला देतो, ती हे काम अनेकदा स्वतः करत नाही. स्पॉटिफाय आणि यूट्यूब यांच्या विद्यार्थी योजनांची पडताळणी शीअरआयडी ही कंपनी करते, तर अ‍ॅपल म्यूझिकची युनिडेज करते. त्यामुळे सदस्यत्व देणाऱ्या कंपनीच्या मदत कक्षाला आपण कोणता कागद जोडला आणि तो का परतला, हे सहसा दिसत नाही. त्यांच्यापर्यंत फक्त 'झाली' किंवा 'झाली नाही' एवढेच पोचते. तिथे कितीही पत्रव्यवहार केला तरी उत्तर सरकत नाही ते यामुळेच. दाद मागायची तर पडताळणी करणाऱ्या कंपनीकडे, तिच्या फॉर्मवर किंवा तिच्याकडून आलेल्या ई-मेलमध्ये दिलेल्या मार्गाने मागावी.

पडताळणीचे मार्ग ढोबळमानाने तीन आहेत. पहिल्यात नाव, जन्मतारीख आणि संस्था एवढीच माहिती घेऊन ती एखाद्या मोठ्या नोंदवहीशी ताडून पाहतात. दुसऱ्यात संस्थेने दिलेला ई-मेल पत्ता किंवा संस्थेच्या पोर्टलवरचे लॉगिन हा पुरावा धरतात. हे दोन्ही जमले नाही तर तिसरा मार्ग कागदपत्रांचा. पहिला मार्ग जिथे केंद्रीय नोंद आहे तिथेच चालतो. अमेरिकेत 'नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊस' ही संस्था प्रवेशाच्या नोंदी ठेवते, पण तिथेही विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवण्यासंबंधीच्या 1974 च्या 'फर्पा' कायद्यानुसार एखाद्या विद्यार्थ्याने आपली सर्वसाधारण माहिती बाहेर देऊ नये असे महाविद्यालयाला कळवले असेल, तर नियमित वर्गात बसणारा तो विद्यार्थी या तपासणीत सापडतच नाही. इतर बहुतेक देशांतल्या अर्जदाराला दुसऱ्या किंवा तिसऱ्या मार्गानेच जावे लागते, आणि अडचणी येतात त्या तिथेच.

ई-मेलचा पत्ता काय सिद्ध करतो

ई-मेलच्या पत्त्यात @ या चिन्हानंतर येणारा भाग म्हणजे डोमेन. पडताळणी करणारी यंत्रणा त्या भागाकडे पाहते आणि तो आपल्याजवळच्या मान्य संस्थांच्या यादीत आहे का, हे तपासते. ती विद्यापीठाला फोन करत नाही की विद्यार्थ्याचे नाव विचारत नाही. डोमेन यादीत असेल तर त्या पत्त्यावर एक लिंक किंवा कोड पाठवते, आणि तो उघडला गेला की काम झाले असे मानते. म्हणजे 'या टपालपेटीची चावी या माणसाजवळ आहे' एवढेच यातून सिद्ध होते.

सगळा गोंधळ त्या यादीपासून सुरू होतो. `.edu` ने शेवट होणारा पत्ता म्हणजे जगातल्या कुठल्याही महाविद्यालयाचा पत्ता, अशी सर्रास समजूत आहे. ती बरोबर नाही. 2001 पासून `.edu` चे व्यवस्थापन एज्युकॉज या संस्थेकडे आहे आणि नवी नोंदणी अमेरिकेत मान्यताप्राप्त असलेल्या उच्च शिक्षण संस्थांनाच मिळते. ब्रिटनमध्ये शैक्षणिक संस्थांसाठी `.ac.uk` आहे, त्याचे काम जिस्क ही संस्था पाहते. जर्मनीत असा वेगळा शैक्षणिक भागच नाही. तिथल्या विद्यापीठाचा पत्ता `uni-heidelberg.de` असा, दिसायला कुठल्याही दुकानाच्या पत्त्यासारखाच असतो. तेव्हा शेवटची अक्षरे पाहून निर्णय करणारी यंत्रणा अर्ध्या जगातल्या विद्यार्थ्यांना नाकारेल. म्हणून एकेका संस्थेचे डोमेन हाताने नोंदवलेली यादी ठेवावी लागते, आणि हाताने ठेवलेली यादी म्हटली की त्यात काहीतरी राहून जाणारच.

अशी एक यादी कोणालाही पाहता येते. प्रोग्रामिंगची साधने बनवणारी जेटब्रेन्स ही कंपनी `swot` नावाचा संग्रह गिटहब या प्रोग्रामचा कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर उघडा ठेवते. त्यात प्रत्येक संस्थेसाठी एक छोटी फाइल असते. फाइलचा मार्ग डोमेन उलटे वाचून तयार होतो आणि आत संस्थेचे अधिकृत नाव लिहिलेले असते. समजा एका काल्पनिक विद्यापीठाचे डोमेन `univ.example` आहे, तर त्याची नोंद अशी दिसेल:

```
lib/domains/example/univ.txt
```

विद्यार्थ्याचा पत्ता मात्र `name@students.univ.example` असा असतो. या यादीशी जुळवणी करताना डोमेनचा शेवटचा भाग नोंदीशी मिळतो का हे पाहिले जाते, म्हणून `students` हा उपभाग असला तरी पत्ता मान्य होतो. पण सगळ्या यंत्रणा इतक्या सैल नसतात. काही ठिकाणी डोमेन तंतोतंत जुळावे लागते, आणि विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी नवा उपभाग सुरू केला पण यादीत जुनेच नाव राहिले, तर प्राध्यापकांचा पत्ता चालतो आणि विद्यार्थ्यांचा चालत नाही, असा विचित्र प्रकार घडतो. संस्थांचे विलीनीकरण किंवा नामांतर झाल्यावर पहिले काही महिने हीच तक्रार येते. संलग्न महाविद्यालयांचा प्रश्न आणखी निराळा: पदवी विद्यापीठाची, पण ई-मेल महाविद्यालयाच्या स्वतःच्या डोमेनचा, आणि यादीत फक्त विद्यापीठ. अशा वेळी विद्यार्थ्याच्या हातात फारसे काही नसते. संस्थेचे नाव आणि डोमेन जोडून घ्यावे अशी विनंती पडताळणी करणाऱ्या कंपनीकडे करता येते, पण तोवर सरळ कागदपत्रांच्या मार्गाने जावे हे शहाणपणाचे.

डोमेन खरे असूनही मुद्दाम बाहेर ठेवले जाण्याचे प्रकारही आहेत. अनेक विद्यापीठे पदवीनंतरही ई-मेल चालू ठेवतात, काही जण माजी विद्यार्थ्यांना `alumni` असा उपभाग असलेला पत्ता आयुष्यभरासाठी देतात. असे पत्ते विद्यार्थी असल्याचा पुरावा ठरत नाहीत, म्हणून ते नाकारले जातात. काही संस्थांचे पत्ते बाहेर विकले गेले, हजारोंनी खोटी खाती उघडली गेली, की ते पूर्ण डोमेनच रोखले जाते. जेटब्रेन्सच्या संग्रहात `stoplist.txt` नावाची वेगळी फाइल आहे ती अशाच नकारांसाठी. एकाने केलेल्या लबाडीचा भुर्दंड त्या संस्थेतल्या प्रामाणिक विद्यार्थ्यांना बसतो. हे अन्यायाचे आहे, पण मागचे कारण समजण्यासारखे आहे. पत्ता एवढ्या सहज हस्तांतरित होत असल्यामुळेच बऱ्याच कंपन्या आता केवळ ई-मेलवर न थांबता पोर्टलवरचे लॉगिन किंवा कागद मागतात.

पत्ता मान्य झाला आणि लिंक मात्र आलीच नाही, असेही होते. महाविद्यालयाच्या मेल सर्व्हरवर बाहेरून आलेल्या घाऊक पत्रांची चाळणी असते, आणि तिथे अडकलेले पत्र विद्यार्थ्याच्या स्पॅम फोल्डरमध्येही दिसत नाही. ते संस्थेच्या वेगळ्या जागी अडकून पडते आणि संगणक विभागालाच सोडवता येते. त्याहून फसवा प्रकार असा, की लिंक येते, पण उघडताच 'ही लिंक वापरली गेली आहे' असे म्हणते. काही संस्थांची सुरक्षा यंत्रणा पत्रातली प्रत्येक लिंक विद्यार्थ्याच्या आधी स्वतः उघडून तपासते. लिंक एकदाच चालणारी असेल, तर ती त्या तपासणीतच खर्ची पडते. पत्र आल्या आल्या लिंक निकामी निघत असेल, तर संशय इथेच घ्यावा आणि लिंकऐवजी कोड मागण्याची सोय आहे का ते पाहावे.

कागदपत्रांची चौकट

कागदपत्र तपासणारा, मग तो माणूस असो की प्रणाली, तीन गोष्टी शोधतो: अर्जातले पूर्ण नाव, अर्जात निवडलेली संस्था, आणि सध्याच्या सत्रात शिक्षण चालू असल्याचे दाखवणारी तारीख. या तिन्ही एकाच कागदावर, एकाच चित्रात दिसल्या पाहिजेत. एका कागदावर नाव आणि दुसऱ्यावर तारीख असेल, तर आपल्या मनात ते दोन्ही कागद एकाच माणसाचे असतात, पण तपासणाऱ्याला तसे मानण्याचे कारण नसते.

एक उदाहरण सविस्तर पाहू. एका संलग्न महाविद्यालयातली दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी फेब्रुवारीत अर्ज करते. यादीत तिच्या महाविद्यालयाचे नाव सापडत नाही, म्हणून ती विद्यापीठाचे नाव निवडते. नावाच्या रकान्यांत पहिले नाव आणि आडनाव एवढेच भरते. ई-मेल महाविद्यालयाचा असल्याने डोमेन जुळत नाही आणि फॉर्म तिला कागद जोडायला सांगतो.

ती आधी ओळखपत्राचा फोटो जोडते. ओळखपत्र अगदी खरे आहे, पण त्यावर फक्त प्रवेशाचे वर्ष छापलेले आहे. ते कधीपर्यंत वैध आहे हे कुठेच नाही. तीन वर्षांपूर्वी प्रवेश घेऊन गेल्या वर्षी शिक्षण सोडलेल्या मुलीजवळही अगदी असेच ओळखपत्र असेल, म्हणून ते परत येते. मग ती शुल्काची पावती जोडते. पावतीवर तारीख आहे, पण ती गेल्या जुलैची. बऱ्याच ठिकाणी चालू सत्रातली किंवा गेल्या काही महिन्यांतली तारीख मागतात, आणि फक्त दिनांक छापलेला असेल व शैक्षणिक वर्ष लिहिलेले नसेल, तर सात महिन्यांपूर्वीचा कागद चालू वर्षाचा आहे हे तपासणाऱ्याला कळणार कसे? शिवाय पावतीवर आडनाव आधी, मग तिचे नाव, मग वडिलांच्या नावाचे आद्याक्षर, असा क्रम आहे, आणि संस्था म्हणून महाविद्यालयाचे नाव आहे, विद्यापीठाचे नाही. म्हणजे या एका पावतीत तारीख, नाव आणि संस्था या तिन्ही जागी शंकेला वाव आहे. नकाराचा निरोप मात्र तिन्हींपैकी एकच कारण सांगतो, तेही मोघम शब्दांत. बहुतेक लोक त्या निरोपातल्या एका कारणाची दुरुस्ती करून पुन्हा तोच कागद पाठवतात आणि तो पुन्हा परततो.

या विद्यार्थिनीने आधी अर्ज दुरुस्त करायला हवा आणि कागद नंतर निवडायला हवा. अर्जातले नाव हे कागदावर छापलेल्या नावाप्रमाणे भरावे. रोजच्या वापरात आपण आपले नाव कसे लिहितो याला इथे महत्त्व नाही. नंतर महाविद्यालयाच्या कार्यालयातून बोनाफाईड प्रमाणपत्र घ्यावे, आणि ते घेताना कारकुनाला तीन गोष्टी लिहायला सांगाव्यात: महाविद्यालयाच्या नावासोबत 'अमुक विद्यापीठाशी संलग्न' हा उल्लेख, चालू शैक्षणिक वर्ष, आणि आजचा दिनांक. संलग्नतेची ती एक ओळ आली की निवडलेली संस्था आणि कागदावरची संस्था यांच्यात दुवा तयार होतो, आणि आजच्या दिनांकामुळे कालावधीचा प्रश्न मिटतो. प्रमाणपत्र इंग्रजीत मिळत असेल तर तेच घ्यावे, कारण तपासणाऱ्याला दुसरी लिपी वाचता येईलच असे नाही.

प्रवेश निश्चित झाल्याचे पत्र अनेकांना पुरेसे वाटते. ते सहसा चालत नाही, कारण प्रवेश देऊ केला जाणे आणि प्रत्यक्ष नाव नोंदवले जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सत्र सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात केलेले अर्ज यामुळेच बरेच परततात. सत्राचे वेळापत्रक हाती आले, की त्यावर नाव, संस्था आणि सत्र हे सगळे सहसा एकत्र मिळते, म्हणून तो कागद सर्वांत बिनघोर.

फोटो आणि फाइल यांच्याही काही खोड्या आहेत. पोर्टलचा स्क्रीनशॉट देताना अनेक जण फक्त विषयांचा तक्ता कापून पाठवतात; वरच्या पट्टीत असलेले संस्थेचे नाव आणि कोपऱ्यातले आपले नाव कापले जाते. पावतीची पीडीएफ पासवर्डने बंद असेल, तर फाइल चढते, पण तपासणाऱ्याला ती उघडत नाही, आणि उत्तर येते ते 'कागद वाचता येत नाही' असे. फोटो तर स्वच्छ आहे, मग असे का, म्हणून विद्यार्थी बुचकळ्यात पडतो. काही फोनचे कॅमेरे एचईआयसी या प्रकारात फोटो साठवतात आणि तो प्रकार सगळे फॉर्म घेत नाहीत. तो जेपीईजीमध्ये बदलून पाठवावा. लॅमिनेट केलेल्या ओळखपत्रावर दिव्याची तिरीप पडली, तर नेमकी तारीखच पुसली जाते. ओळख क्रमांक, बँकेचा तपशील, घरचा पत्ता झाकला तरी चालते आणि झाकावाच. पण एखादा कागद संगणकावर 'स्वच्छ' करून, अक्षरे ठळक करून किंवा तारीख बदलून पाठवला, तर तो फेरफार केलेला समजला जाऊ शकतो, आणि मग पुढचे खरे कागदही संशयाने पाहिले जातात.

कागद किती वेळा जोडता येतो याला बहुतेक ठिकाणी मर्यादा असते. ती संपली की फॉर्म काही काळ बंद होतो. म्हणून हाती येईल तो कागद टाकून पाहण्यात शहाणपण नाही. आधी वर सांगितल्याप्रमाणे नाव, संस्था, तारीख या तिन्हींवर बोट ठेवून कागद वाचावा आणि मगच पाठवावा.

ज्येष्ठांच्या सवलतीचे वेगळेपण

ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत संस्था आणि सत्र यांचा प्रश्नच नसतो. सिद्ध करायचे ते फक्त वय. त्यामुळे पडताळणी सोपी असावी असे वाटते, पण अडचण जन्मतारखेत येते. जुन्या कागदांवर कित्येकदा फक्त जन्मवर्ष असते, आणि प्रणालीला दिवस व महिना हवा असतो. दोन कागदांवर दोन वेगळ्या जन्मतारखा असणारे लोकही कमी नाहीत. दिनांक लिहिण्याचा क्रम हे आणखी एक कारण. 05/08 म्हणजे एका फॉर्मला 5 ऑगस्ट वाटते, दुसऱ्याला 8 मे. वय नुकतेच पात्रतेला पोचले असेल, तर या एवढ्या फरकाने अर्ज फेटाळला जातो. महिना रकान्यातून निवडता येत असेल तर निवडावा, टंकू नये. नावाचे म्हणाल तर लग्नानंतर बदललेले आडनाव आणि आद्याक्षरांनी लिहिलेले पूर्वीचे नाव यांचा गोंधळ इथे विद्यार्थ्यांपेक्षा जास्त दिसतो. वयाची अट सगळीकडे एकच नसते, हेही अर्जाआधी पाहून घ्यावे. अमेरिकेतली एएआरपी ही संघटना 50 आणि त्याहून अधिक वयाच्या लोकांसाठी काम करते, पण ज्येष्ठ सवलत देणाऱ्या प्रत्येक कंपनीची वयोमर्यादा तीच असेल असे नाही.

पडताळणी झाली, पण सवलत लागली नाही

हा प्रकार वेगळा ओळखावा, कारण इथे कागद आणि डोमेन यांचा दोष नसतो. पडताळणी एका खात्यासाठी झालेली असते आणि सदस्यत्व दुसऱ्या खात्यावर असते. विशेषतः महाविद्यालयाच्या ई-मेलने पडताळणी करून वैयक्तिक ई-मेलच्या खात्यात पैसे भरणाऱ्यांच्या बाबतीत असे होते. काही सेवांना हे चालते, पण ब्राउझरमध्ये त्या क्षणी कोणते खाते उघडे होते यावर सगळे ठरते. फोनमधल्या मेल अ‍ॅपमधून लिंक उघडली, की ती अ‍ॅपच्या स्वतःच्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडते, जिथे आपण लॉगिन केलेलेच नसते, आणि पुरावा खात्याला चिकटत नाही. लिंक कॉपी करून ज्या ब्राउझरमध्ये अर्ज केला होता तिथेच उघडावी. फोनच्या अ‍ॅप स्टोअरमधून घेतलेले सदस्यत्व तर अनेकदा थेट बदलता येत नाही. ते आधी रद्द करून, त्याची मुदत संपल्यावर संकेतस्थळावरून नव्याने घ्यावे लागते.

सवलत लागली तरी ती कायमची नसते. स्पॉटिफायची विद्यार्थी योजना 12 महिन्यांची असते आणि त्यानंतर पुन्हा पडताळणी करावी लागते. एकूण 4 वर्षांपर्यंत ती घेता येते. अ‍ॅपल म्यूझिकची मर्यादा 48 महिन्यांची आहे. मुदत संपताना सेवा बंद होत नाही, सवलत तेवढी जाते आणि पुढचे बिल पूर्ण दराने येते. ते पैसे मागाहून परत मिळतील असे गृहीत धरू नये, कारण नवी पडताळणी साधारणपणे पुढच्या बिलापासून लागू होते. ज्यांची मुदत सुट्टीत संपते त्यांची पंचाईत जास्त, कारण मागच्या वर्षाचा कागद जुना झालेला असतो आणि नव्या वर्षाचा अजून हातात आलेला नसतो. अशांनी जुन्या सत्राचा कागद चालू असेपर्यंतच, म्हणजे सत्र संपायच्या आधी, फेरपडताळणी करता येते का हे खात्याच्या पानावर तपासावे. तशी सोय नसेल तर नव्या सत्राची पावती हाती येईपर्यंत सदस्यत्व रद्द ठेवणे पूर्ण दर भरण्यापेक्षा स्वस्त पडते.